कव्हरवरचं साल आणि आतला मजकूर

"दादा, तुमच्या यादीत 'आवृत्ती २०२५, पूर्ण सिलॅबस, मराठी माध्यम, उत्तरतालिकेसह' असं वाचून एमपीएससीचं गाईड घेतलं. आत केंद्रशासित प्रदेश ९ दिलेत, आणि जुन्या पेपरची उत्तरं आयोगाच्या उत्तरांशी जुळत नाहीत. न बघताच लिहिता का?" – शहाद्याहून एक वाचक

भाऊ, बघितलं होतं पण फक्त कव्हर, तेवढी चूक माझीच. तुमची कमेंट वाचून काल पुस्तक परत काढलं आणि आतलं श्रेयाचं पान पाह्यलं तर तिथं बारीक अक्षरात पुनर्मुद्रण लिहिलंय. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर परत छापला, आवृत्ती म्हणजे मजकुरात हात घातला, आणि कव्हरवर दोन्हीला सालच मोठं छापतात.

तुम्ही पकडलेला ९ चा आकडा तर भारीच आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले तेव्हा ७ चे ९ झाले, मग २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले की ८. म्हणजे ९ हा आकडा जेमतेम तीन महिनेच खरा होता, तेव्हा ते प्रकरण त्याच तीन महिन्यांत लिहिलं गेलं असणार आणि नंतर कोणी उघडूनसुद्धा पाह्यलं नाही! दुकानात उभ्या उभ्या केंद्रशासित प्रदेशांचं पान आधी काढायचं. ७ दिसले तर मजकूर त्याहून जुना. ८ दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका, औरंगाबाद-उस्मानाबादची नावं बदलली का तेपण बघा, ती २०२३ ची गोष्ट आहे.

आता उत्तरांचं. आयोग आधी पहिली उत्तरतालिका टाकतो, त्यावर मुलं हरकती घेतात, मग अंतिम येते, आणि त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दच होतात. घाईत छापणारे पहिलीवरूनच उतरवतात. मी कंबाईन पूर्वचा एक पेपर अंतिम तालिकेशी लावून पाह्यला, २ उत्तरं बदललेली आणि २ प्रश्न रद्द, पुस्तकात मात्र चारीची उत्तरं ठासून दिलेली. १ मार्काचा प्रश्न, चुकीला पाव मार्क कट, म्हणजे तुमचं बरोबर उत्तर पुस्तकानं चूक ठरवलं की एका प्रश्नाला सव्वा मार्काचा फरक, दोनाला अडीच, आणि वरून जो चुकीचा पर्याय डोक्यात बसतो तो वेगळाच. ओळखायची खूण सोपी: पेपरांच्या संचात एकही प्रश्न 'रद्द' दाखवला नसेल तर शंका घ्या, आणि अंतिम तालिका आयोगाच्या साइटवरूनच काढा.

यादीतलं 'मराठी माध्यम' बरोबर आहे. सिलॅबस 'पूर्ण' मी अनुक्रमणिकेवरून लिहिलं होतं, तो शब्द काढला. यादीत आता 'पुनर्मुद्रण २०२५, मजकूर २०१९-२० चा, उत्तरं पहिल्या तालिकेवरून' असं केलंय. पुस्तकावर पेनानं काही लिहिलं नसेल तर दुकानदाराला श्रेयाचं पान दाखवून बदलून मागा, आमच्या जळगावात एकानं असंच बदलून दिलं होतं.