शेवटचा रकाना कापून जिल्ह्यांची तुलना करू नका

सोलापूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांची धर्मनिहाय टक्केवारी शेजारी शेजारी मांडलेलं एक चित्र आमच्या ग्रुपवर फिरतंय. खाली नेहमीप्रमाणे वादावादी. चित्रात सहा धर्म आहेत, रंगीत पट्ट्या आहेत. पण जनगणनेच्या मूळ तक्त्यात असलेले शेवटचे दोन रकाने, ‘इतर धर्म व पंथ’ आणि ‘धर्म नमूद नाही’, बनवणाऱ्याने छाटून टाकलेत. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो, म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

२०११ च्या जनगणनेत हा तक्ता C-01 या नावाने मिळतो. राज्य, जिल्हा, तालुका, शहर अशा प्रत्येक नावापुढे तीन ओळी असतात : एकूण, ग्रामीण, नागरी. आडव्या रांगेत एकूण लोकसंख्या, मग हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, मग वरचे दोन रकाने. गावनिहाय धर्म या तक्त्यात नाही. त्यामुळे कुणी एखाद्या खेड्याची धर्मवार टक्केवारी ‘जनगणनेनुसार’ म्हणून सांगू लागला, तर आधी कुठल्या तक्त्यातून ते विचारा.

हे आकडे येतात कुठून? फेब्रुवारीत दारावर आलेल्या गुरुजी-बाईंनी भरलेल्या फॉर्ममधून. २०११ च्या फॉर्मवर धर्माचा प्रश्न सातवा होता. त्यात धर्माचं पूर्ण नाव लिहायचं आणि वरच्या सहापैकी असेल तर चौकटीत १ ते ६ यातला कोड टाकायचा. सहाबाहेरचा धर्म असेल तर नुसतं नाव, कोड नाही. कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच घरातल्या सगळ्यांचा, असं गृहीत धरू नका, ही सूचना प्रगणकांना होती. ती किती पाळली जाते, हे ज्याने एका दुपारी पंधरा-वीस घरं उरकली असतील त्याला विचारा!

आता ‘धर्म नमूद नाही’. हा रकाना म्हणजे नास्तिकांची संख्या, असं सर्रास लिहिलं जातं. तसं ते नाही. धर्म सांगायचा नाही म्हणणारा यात येतो आणि ज्याच्या फॉर्मवर ती जागा कोरीच राहिली तोही येतो. आपला कुठलाच धर्म नाही असं ठामपणे सांगणाऱ्यांसाठी मुख्य तक्त्यात वेगळा रकानाच नाही. म्हणजे एका आकड्यात विचाराने दिलेलं उत्तर आणि घाईत सुटलेली चौकट एकत्र बसलेत, आणि बाहेरून ते वेगळे करता येत नाहीत. देशभरात हा आकडा २००१ मध्ये सव्वासात लाख होता, २०११ मध्ये पावणेएकोणतीस लाखांच्या आसपास गेला. दहा वर्षांत चौपट नास्तिक झाले, असा अर्थ यातून काढणारे मला धाडसी वाटतात.

आकडा लहान आहे, टक्क्याच्या आतला, मग एवढा गवगवा कशाला? तर महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्यात धर्म नमूद नसलेले २,८६,२९०. चारशे माणसांत एक. पण त्याच तक्त्यात राज्यातले शीख आहेत २,२३,२४७. म्हणजे ‘माहीत नाही’चा ढीग एका अख्ख्या धर्माच्या रकान्यापेक्षा मोठा आहे. हिंदूंच्या ७९.८ टक्क्यांना या ढिगाने काही फरक पडत नाही. छोट्या रकान्यांना मात्र पडतो.

बौद्धांचं बघा. २००१ मध्ये महाराष्ट्रात ५८,३८,७१० बौद्ध होते, एकूण ९,६८,७८,६२७ लोकांपैकी, म्हणजे ६.०३ टक्के. २०११ मध्ये ६५,३१,२००, म्हणजे ५.८१ टक्के. वाटा सुमारे ०.२२ टक्क्याने उतरला, आणि यावर लेख लिहिले जातात, कारणं शोधली जातात. त्याच दहा वर्षांत ‘धर्म नमूद नाही’ ९७,७१३ वरून २,८६,२९० वर गेला, जवळपास तिप्पट. त्याचा वाटा ०.१० वरून ०.२५ टक्क्यावर.

आता हिशेब दोन प्रकारे करता येतो. पहिला प्रकार : उत्तर न मिळालेले लोक भागाकारातून वगळायचे आणि ज्यांनी धर्म सांगितला त्यांच्यातच वाटा काढायचा. तसं केलं तर २००१ ला ६.०३ आणि २०११ ला ५.८३. घट राहते, किंचित कमी होते. पण इथे आपण मुकाट्याने एक गोष्ट मान्य केलेली असते, की न सांगणाऱ्यांची धर्मवार विभागणी सांगणाऱ्यांसारखीच आहे. दुसरा प्रकार कडक आहे. त्यात दोन टोकं काढायची. न सांगणाऱ्यांत एकही बौद्ध नाही असं धरलं तर २०११ चा वाटा ५.८१. सगळेच्या सगळे बौद्ध आहेत असं धरलं तर ६.०७. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. आणि २००१ चं खालचं टोक ६.०३ आहे! म्हणजे अगदी कडक कसोटी लावली तर वाटा घटला हेसुद्धा या तक्त्यावरून शंभर टक्के सिद्ध होत नाही. माझं स्वतःचं मत असं की घट झाली असावी, कारण सगळे न सांगणारे एकाच धर्माचे असणं अशक्यप्राय आहे. पण ती किती झाली, यावर दुसऱ्या दशांशापर्यंत भांडणं निरर्थक आहे.

‘इतर धर्म’ या रकान्यातली गंमत तर आणखी वेगळी. महाराष्ट्रात तो २,३६,८४१ वरून १,७८,९६५ वर आला. पंचावन्न-साठ हजार माणसं काही हवेत विरली नाहीत. या रकान्यात पारशी आहेत, ज्यू आहेत, आदिवासींच्या अनेक श्रद्धा आहेत. नाव कसं सांगितलं, कसं लिहिलं, नंतर कार्यालयात कुठल्या कोडखाली गेलं, यावर हा आकडा हलतो. आपल्याकडचं उलट उदाहरण म्हणजे लिंगायत. ते तक्त्यात हिंदू या रकान्यातच धरले जातात, म्हणून अक्कलकोट किंवा मंगळवेढ्यात लिंगायत किती, हे C-01 उघडून कुणालाच सांगता येणार नाही. तरी सांगणारे सांगतातच.

जिल्ह्यांच्या तुलनेसाठी मी साधा नियम पाळतो. आधी दोन्ही जिल्ह्यांचा ‘धर्म नमूद नाही’चा वाटा बघायचा. एकात तो ०.१ टक्का आणि दुसऱ्यात ०.६ असेल, तर दुसऱ्या जिल्ह्यात बाकीचे सगळे रकाने मिळून अर्ध्या टक्क्याने आपोआप आखडलेले असतात. आपण ज्या फरकावर बोलतोय तो त्याहून लहान असेल तर गप्प बसायचं. मोठा असेल तर पुढे जायचं, पण भागाकार दोन्हीकडे एकाच पद्धतीने करायचा. एकीकडे एकूण लोकसंख्येने आणि दुसरीकडे सांगितलेल्यांच्या संख्येने भागणारे महाभागही पाहिलेत.

एवढं करूनही ते सोलापूर-धाराशिवचं चित्र न्याय्य ठरत नाही. २०११ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यात ४३,१७,७५६ लोक, त्यातले साधारण ३२ टक्के शहरी. एकट्या सोलापूर शहरातच साडेनऊ लाख. धाराशिवमध्ये शहरी लोक साधारण १७ टक्के. महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्येचा वाटा खेड्यांपेक्षा शहरांत जास्त आहे. मग एकूण टक्केवारी ठेवून आपण खरं तर काय मोजतो? बऱ्याच अंशी शहरीकरण!

समजा (हे आकडे निव्वळ समजण्यासाठी, कुठल्याही धर्माचे नाहीत), एका धर्माचा वाटा पहिल्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ५ टक्के आणि शहरी भागात २० टक्के आहे. दुसऱ्यात ग्रामीण ६ आणि शहरी २२. म्हणजे दोन्हीकडे दुसरा जिल्हा पुढे. आता पहिल्यात ३२ टक्के लोक शहरात आणि दुसऱ्यात १७ टक्के असतील, तर पहिल्याची एकूण टक्केवारी येते ९.८ आणि दुसऱ्याची ८.७. निकाल उलटा लागला की नाही? म्हणून तक्त्यातली ‘एकूण’ ही ओळ सोडून ग्रामीणची ग्रामीणशी आणि नागरीची नागरीशी तुलना करावी. ओळी तिथेच छापलेल्या आहेत, शोधायला लागत नाहीत.

हद्दींचा घोळ वेगळाच. धाराशिवचा १९८१ चा आकडा घेऊन १९९१ शी तुलना करणाऱ्याला हे लक्षात ठेवावं लागतं की १९८१ च्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर होतं आणि १९८२ मध्ये ते वेगळं झालं. २०११ च्या ठाण्यात पालघर आहे. आपल्या शहराची हद्दवाढ १९९१ आणि २००१ च्या दरम्यानची, त्यामुळे त्या दशकात शहर वाढलं असं दिसतं त्यात गावं शहरात आली हाही भाग आहे. आणि ही चूक फक्त व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांची नाही. सप्टेंबर २००४ मध्ये खुद्द जनगणना कार्यालयाने धर्मवार आकडे जाहीर केले तेव्हा मुस्लिम लोकसंख्येची दशकातली वाढ ३६ टक्के अशी छापून आली. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरात जनगणना झालीच नव्हती. २००१ च्या आकड्यात ते राज्य होतं, १९९१ च्या आकड्यात नव्हतं. ते राज्य आणि आसाम बाजूला ठेवून हिशेब केला तर वाढ २९ टक्क्यांच्या आसपास आली. दुरुस्ती लगेच झाली, पण ३६ चा आकडा मात्र पुढे कितीतरी दिवस भाषणांतून फिरत राहिला.

अजून एक, खास आपल्या भागातलं. गणना होते फेब्रुवारीत, ऐन गाळपात. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं तेव्हा माळशिरस, माढा, पंढरपूरच्या फडांवर कोप्यांत असतात. गणनेच्या पूर्ण काळात जो आपल्या गावी नाही, त्याची नोंद तो जिथे सापडतो तिथे होते. म्हणजे त्यांतले बरेच जण सोलापूरचे म्हणून मोजले जातात आणि त्यांच्या जिल्ह्यातून वजा होतात. पहाटे फडावर जाणाऱ्या माणसाला गाठून फॉर्म भरताना कुठल्या चौकटी कोऱ्या राहत असतील, याचा अंदाज करायला संख्याशास्त्र लागत नाही.

२०२७ च्या जनगणनेचे तक्ते येतील तेव्हा अशा चित्रांचा पूर येणार. ग्रुपवर तुलना टाकायची असेल त्याने मूळ C-01 मधल्या दोन्ही जिल्ह्यांच्या तिन्ही ओळी, सगळ्या रकान्यांसकट टाकाव्यात. मग वाद घालायला मी आहेच.