‘सणात माणसं मिळत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून मोकळं झाल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहिते. लांब होईल, वेळ असेल त्यांनीच वाचा.

ओळखीतली एक मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सणाच्या हंगामात एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात तात्पुरत्या कामाला लागली होती. हंगाम संपला आणि हिच्या हातात पगार पडला तो ठरल्यापेक्षा बराच कमी. विचारलं तर दोन कारणं मिळाली. पहिले दोन दिवस ट्रेनिंगचे, त्यांचे पैसे नसतात. आणि एका रात्री गल्ल्यात रक्कम कमी भरली, ती त्या काऊंटरवरच्या सगळ्यांच्या पगारातून सारखी कापली. आज घरी आली होती, मला विचारते, "मावशी, असंच असतं का सगळीकडे?"

काय उत्तर देणार? मी इतकी वर्षं दुकानांच्या फ्लोअरवर काढली, हंगामी मुलंमुली घेतली, शिकवली, त्यांचे हिशोब केले. सगळीकडे असं नसतं, पण बऱ्याच ठिकाणी असतं, आणि तीच दुकानं पुढच्या हंगामात ‘माणसंच मिळत नाहीत हो’ म्हणून गळा काढतात.

आधी ते ट्रेनिंग बघू. दोन दिवस तिने काय केलं? गोडाऊनमधून गठ्ठे आणले, साइजप्रमाणे रॅक लावले, ट्रायल रूममधून बाहेर पडलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. बिलिंग कुणी दाखवलं नाही. परतावा कसा घ्यायचा ते सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गर्दी वाढली तशी तिला उचलून थेट काऊंटरवर बसवली. म्हणजे ज्या दिवसांना ट्रेनिंग म्हटलं त्या दिवसांत काम करून घेतलं, आणि ज्या कामाचं ट्रेनिंग हवं होतं ते दिलंच नाही. मालकांचं म्हणणं असतं की काही जण दोन दिवस शिकून पळून जातात. जातात, मान्य. मग ट्रेनिंगच्या दिवसाचे पैसे पहिल्या आठवड्याच्या पगारात द्या आणि तसं आधी सांगा. बुडवायचे कशाला?

आता गल्ला. ह्यावर माझा पारा जास्त चढलाय.

मी तिला एकच विचारलं, "तुझ्या ड्रॉवरला अजून कोण हात लावत होतं?" म्हणाली, आम्ही तिघं, आणि गर्दीत सुपरवायझरसुद्धा. लॉगिन एकच, सगळ्यांना तोच पासवर्ड. सकाळी ड्रॉवरमध्ये सुट्टे किती ठेवले होते ते तिला कुणी मोजून दाखवलं नव्हतं. रात्री रक्कम मोजली ती आतल्या खोलीत, ही तेव्हा बाहेर घड्या घालत होती. अहो, अशा ड्रॉवरमध्ये कमी पडलेला पैसा कुणाचा हे देव जरी आला तरी सांगू शकणार नाही! मग तो सगळ्यांत वाटून कापायचा हा कुठला न्याय?

नीट पद्धत काही अवघड नसते. एका ड्रॉवरला एका वेळी एकच माणूस आणि त्याचं स्वतःचं लॉगिन. शिफ्ट सुरू होताना सुट्टे दोघांनी मिळून मोजायचे, आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची. जेवायला उठताना ड्रॉवर बंद करून जायचं किंवा दुसऱ्याला मोजून द्यायचा. रात्रीची मोजणी त्या माणसाच्या डोळ्यांसमोर. सगळं मिळून काही मिनिटांचं काम आहे.

आणि कमी भरलं की लगेच चोरी? मी पाहिलेल्या बहुतेक तुटींमध्ये चोरी नव्हतीच. गिऱ्हाईक कार्डाने किंवा फोनवरून पैसे देतं आणि घाईत बिलावर ‘रोख’चं बटण दाबलं जातं. मग सिस्टीम म्हणते गल्ल्यात इतकी रोख हवी, आणि गल्ल्यात ती नसते, कारण ती बँकेत गेलेली असते. हे ओळखायची खूण सोपी आहे. गल्ल्यात जितकी तूट, तितकीच वाढ कार्डाच्या किंवा ऑनलाइनच्या बेरजेत दिसते, आणि बहुतेक वेळा तो आकडा त्या दिवसाच्या एखाद्या बिलाशी तंतोतंत जुळतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे परतावा. पैसे हातात दिले, एन्ट्री राहून गेली. त्या रात्री कुणी दिवसाची बिलं चाळली का? तिला तरी माहीत नाही. कापाकापी मात्र तत्परतेने झाली. चोरी करणारेही भेटतात, मी नाही म्हणत नाही. पण एक ड्रॉवर-एक माणूस ठेवलं की तेही लवकर सापडतात.

मुळात दोन दिवसांच्या नवख्या पोरीला गल्ल्यावर बसवायचंच कशाला, हे मला कळत नाही. गर्दी झाली की प्रत्येकाला वाटतं बिलिंगला माणूस कमी पडतोय. जरा घड्याळ लावून उभं राहा काऊंटरपाशी. समजा एका गिऱ्हाइकाला चार मिनिटं लागतात, म्हणजे तासाला पंधरा बिलं. त्या चार मिनिटांत बारकोड मारणं आणि पैसे घेणं ह्याला दोन मिनिटं जातात. उरलेल्या दोन मिनिटांत टॅग काढणं, घडी घालणं, पिशवीत भरणं. घडी-पिशवीला शेजारी वेगळा माणूस उभा केला की तोच जुना कॅशियर तासाला तीस बिलं काढू शकतो. प्रत्यक्षात तीस निघत नाहीत, मध्ये कुणी सुट्टे मागतं, कुणी एक नग बदलून आणतं. पंचवीस धरा. म्हणजे रांग हलवायला दुसरा गल्ला लागतच नाही, पॅकिंगला हात लागतो. आणि ते काम कुणालाही तासाभरात शिकवता येतं.

म्हणून हंगामी माणसाला नेहमी सोपा तुकडा द्यावा. पॅकिंग, ट्रायल रूमचं दार, रॅक भरणं, गोडाऊनची ने-आण. पैसे आणि परतावे जुन्या माणसांकडे. ह्या मुलीला पॅकिंगला ठेवलं असतं तर दुकानाची रांग लवकर हलली असती आणि तिच्या माथी ही तूटही आली नसती.

शिकवायला दोन दिवस लागत नाहीत, एक सकाळ पुरते, पण त्या सकाळी खरंच शिकवावं लागतं. दुकान उघडायच्या आधी, रिकाम्या फ्लोअरवर. एका माणसाला एकच काम. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्याच्याबरोबर करा, मग त्याला एकट्याला करू द्या आणि हाताची घडी घालून बघत राहा, मध्ये बोलू नका. ‘समजलं का?’ विचारण्यात अर्थ नाही, नवीन पोरं हो म्हणतातच. त्यापेक्षा विचारा, "गिऱ्हाईक बिलाशिवाय कपडा परत घेऊन आलं, तू काय करशील?" त्याने सांगितलं, ‘मी स्वतः काही ठरवणार नाही, अमुक ताईंना बोलावेन,’ की तो तयार झाला. आणि ही अमुक ताई कोण, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं. दोन नवख्यांमागे एक जुनं माणूस असेल तर निभतं. एका जुन्याच्या गळ्यात पाचसहा बांधले की तो जुनाही कामातून जातो.

माणसं निवडताना मुलाखतीत वेळ घालवू नका, आधीच सांगते. ‘तुमच्यात चांगलं काय आहे’ वगैरे कशाला हवंय? दहा मिनिटं काम द्या. कपड्यांचा मिसळलेला ढीग साइजप्रमाणे लावायला सांगा. कोण विचारून करतं, कोण वैतागतं, कोण चुकलेलं स्वतःहून परत लावतं, सगळं दिसतं. आणि लागतील त्यापेक्षा एखाददुसरं माणूस जास्त घ्या, कारण पहिल्या दिवशी कुणीतरी उगवत नाहीच.

आता अटी. सगळ्यात सोपी गोष्ट आणि तीच कुणी करत नाही. एक पान पुरतं. कामाची पहिली तारीख आणि शेवटची तारीख, दोन्ही. रोजची वेळ, जेवणाची सुट्टी, आठवड्याची सुट्टी. रोज किती, जास्तीच्या तासाचे किती, पैसे कोणत्या दिवशी आणि कसे मिळणार. ट्रेनिंगच्या दिवसाचे पैसे धरलेले आहेत, हे स्पष्ट शब्दांत. कापाकापी कशाची होते आणि कशाची होत नाही. यायला जमणार नसेल तर फोन कुणाला, किती वाजायच्या आत. दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्या हातात. मी हे पान वाचूनही दाखवते, कारण न वाचता सही करणारेच जास्त असतात.

लोक म्हणतात, लेखी दिलं की अंगाशी येतं, गर्दी नाही झाली तर काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. मग कमीत कमी इतके दिवस नक्की देऊ असं लिहा, आणि वरचे दिवस गर्दी बघून, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवू, असं लिहा. पोरं हुशार आहेत, त्यांना अनिश्चित काम चालतं. आयत्या वेळी सांगितलेलं चालत नाही. ती मुलगी आज तेच म्हणाली, "मावशी, आधी सांगितलं असतं तर मी तरीही गेले असते कदाचित. पण नंतर सांगितलं ना." हे ऐकल्यावर राग निवला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं. इतकी समजूतदार पोरगी त्या दुकानाने कायमची घालवली.

कारण ज्याचा हिशोब शेवटच्या दिवशीच, हातात कागद देऊन पूर्ण होतो, तो पुढच्या हंगामात एका फोनवर येतो. त्याला शिकवावंही लागत नाही, उलट तो दोन नवख्यांना सांभाळतो आणि बरोबर मैत्रीण घेऊन येतो. माझी निम्मी भरती अशीच व्हायची, हंगामाच्या दीड महिना आधी, जुनी वही उघडून.

तिच्या पगाराचं काय ते मी तिच्याबरोबर जाऊन बोलणार आहे. त्या रात्रीची बिलं आणि कार्डाची बेरीज बघायला मागणार आहे. दाखवली तर ठीक, नाही दाखवली तरी विचारल्याशिवाय तिथून उठणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांची दुकानं आहेत त्यांना ते अटींचं पान हवं असेल तर मेसेज करा, मी फोटो पाठवते. नाव बदला, तारखा भरा आणि वापरा.