सर्टिफिकेटांचा क्रम जाहिरात ठरवते, तारीख नाही

समजा, बी.कॉम. झालेला, दोन वर्षं एमआयएस एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केलेला मुलगा डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करतोय. जाहिरातीत एसक्यूएल, पॉवर बीआय आणि एक्सेल मागितलंय. त्याच्या रेझ्युमेत अकरा सर्टिफिकेट्स आहेत, मिळाली त्या क्रमाने: एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली, डिजिटल मार्केटिंगचा वेबिनार, असं करत पॉवर बीआय नवव्या नंबरवर. वाचणारा तिथवर पोचतच नाही.

आधी जाहिरातीतले शब्द अधोरेखित करा. ज्या सर्टिफिकेटाला त्यातला एकही शब्द लागू होत नाही, ते या अर्जापुरतं बाजूला ठेवा. इथेच सात गळतात. (वेबिनारला हजर राहिल्याचं प्रशस्तिपत्र तर कुठल्याच अर्जात नको.)

उरलेल्या चारांत वर कोण, हे परीक्षा कशी झाली त्यावर ठरवा. मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआयची परीक्षा, PL-300, देखरेखीखाली होते आणि पास व्हायला 1000 पैकी 700 लागतात. म्हणून ती पहिली. एनपीटीईएलचा डेटाबेसचा कोर्स दुसरा, कारण त्याची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्याखाली कोर्सेराचा प्रोजेक्टसह पूर्ण केलेला एसक्यूएलचा कोर्स. युडेमीचं एक्सेलचं सर्टिफिकेट मात्र व्हिडिओ संपवल्याचं आहे, परीक्षेचं नाही. ते यादीतून काढा आणि एक्सेलमध्ये बनवलेला रिपोर्ट नोकरीच्या अनुभवात लिहा. तिथे त्याचं वजन जास्त पडतं.

राहिली तीन. प्रत्येकाला एकच ओळ: अधिकृत नाव, देणारी संस्था, महिना आणि वर्ष. नाव जसंच्या तसं टाका:

```
Microsoft Certified: Power BI Data Analyst Associate
```

नुसतं 'पॉवर बीआय सर्टिफाइड' लिहिलं तर कुठल्याही क्लासचं वाटतं. हे सर्टिफिकेट वर्षभरच चालतं. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन, फुकट रिन्यू करता येतं. मुदत उलटलेलं चालू म्हणून दाखवलंत तर पडताळणीच्या लिंकवर लगेच उघडं पडतं. अर्धवट कोर्सही 'पूर्ण' म्हणून घुसडू नका. तो जाहिरातीशी जुळत असेल तरच 'सुरू आहे' म्हणून, अपेक्षित महिन्यासह लिहा.

हा सगळा भाग अनुभवाच्या खाली असावा. दोन वर्षांचं काम असलेल्याचा रेझ्युमे सर्टिफिकेटांनी सुरू झाला, की कामात सांगण्यासारखं काही नसावं असं वाटतं. फ्रेशरने मात्र तो प्रोजेक्टच्या लगेच खाली घ्यावा.

आणि बाजूला ठेवलेली सात फेकू नका, एका मास्टर फाइलमध्ये तारखांसकट जपा. हाच मुलगा उद्या राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाचा फॉर्म भरेल, तेव्हा मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिटाचं टायपिंग आणि एमएस-सीआयटी हीच कागदपत्रं आधी पाहिली जातील. पॉवर बीआयला तिथे कोणी विचारणार नाही.