‘पारदर्शकपणे’ हा शब्द का खोडला

“भाऊ, आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष बदलल्याचं सूचनापत्र तुमी कसं बदललं ते वाचलं. सारं धुऊन-पुसून साफ करून टाकलं. ते काहून गेले हे गावातल्या लेकरालेही माहीत आहे. सोयाबीनच्या काट्यावरून बोंब झाली होती. भागधारक आम्ही, पैसा आमचा, अन् आम्हालेच सांगाचं नाही? वरून ‘त्यांचे मार्गदर्शन यापुढेही लाभेल’ म्हणे. हे कोनं ठरवलं?” — एक कास्तकार वाचक

दादा, शेवटून सुरू करतो, कारण तिथं तुम्ही मला बरोबर पकडलं. ‘मार्गदर्शन लाभेल’ हे वाक्य मी सवयीनं राहू दिलं. आपल्याकडे निरोपाच्या पत्रात ते आपोआपच उमटतं. पण त्यांनी तसं कुठं कबूल केलेलं नाही. म्हणजे तोही अंदाजच, फक्त गोड. काढून टाकलं.

बाकी मात्र मला मान्य नाही. मूळ मसुद्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘अध्यक्षांनी वैयक्तिक कारणास्तव तडकाफडकी राजीनामा दिल्याने धुरा नव्या नेतृत्वाकडे सोपविण्यात येत असून, यापुढे कारभार पारदर्शकपणे चालेल.’

राजीनाम्याचं पत्र मी मागून घेतलं. दोन ओळींचं आहे आणि त्यात कारणच नाही. ‘वैयक्तिक कारण’ लिहिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं घातलं, कारण सगळेच तसं लिहितात. पत्र कंपनीला ३ जूनला मिळालं आणि त्यात १५ जूनपासून मोकळं करा असं म्हटलं होतं. बारा दिवस आधी सांगून गेलेल्या माणसाला ‘तडकाफडकी’ कसं म्हणायचं?

तारीखही चुकली होती. मसुद्यात ९ जून होती, म्हणजे संचालक मंडळाच्या बैठकीची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ प्रमाणे संचालकाचा राजीनामा कंपनीला पत्र मिळालं त्या दिवसापासून किंवा पत्रात दिलेल्या दिवसापासून लागू होतो. दोन्हींपैकी जो नंतरचा, तो धरायचा. इथं तो १५ जून. मधल्या दिवसांत तुरीच्या चुकाऱ्याचे धनादेश निघाले, त्यांवर त्यांची सही आहे. सूचनेत ९ जून राहिली असती तर उद्या कुणीही म्हणालं असतं, पद नसताना सह्या केल्या. कंपनी निबंधकांकडे जाणाऱ्या DIR-12 या नमुना अर्जातही १५ जूनच आहे.

आता ‘पारदर्शकपणे’. तुम्हाला तो शब्द निरुपद्रवी वाटेल, मला सगळ्यांत जास्त तोच खटकला. यापुढे पारदर्शक म्हटलं की आजवर गढूळ होतं हे न बोलता बोलून झालं. हा आरोप आहे आणि त्याखाली कुणाची सही नाही. ‘नव्या जोमाने’चंही तेच.

काट्याचं म्हणाल, तर खरेदीची नोंदवही लेखापरीक्षकाकडे तपासायला द्यायचा ठराव झाला आहे, हे खरं. ते लपवायचंही नाही, त्याची सूचना वेगळी लागली आहे. एकाच कागदावर राजीनामा वर आणि तपासणी खाली लिहिली, की मधला ‘म्हणून’ वाचणारा स्वतःच घालतो. अहवाल अजून यायचा आहे. तो काहीही आला, तरी पारावर झालेला निकाल परत घेता येत नाही.

तुमच्या शंकेनंतर दुरुस्त केलेला मजकूर असा:

‘अध्यक्षांचा अध्यक्ष व संचालक या दोन्ही पदांचा राजीनामा ३ जून रोजी मिळाला व त्यांच्या पत्रानुसार १५ जूनपासून लागू झाला. ते ४ वर्षे अध्यक्ष होते. या काळात कंपनीचे गोदाम उभे राहिले. नव्या अध्यक्षांची निवड होईपर्यंत, ९ जूनच्या ठरावानुसार, ज्येष्ठ संचालक बैठकांचे कामकाज पाहतील. तुरीचे थकीत चुकारे व बियाण्यांचे वाटप पूर्वीप्रमाणेच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आहे.’

‘कर्तव्यदक्ष, लोकप्रिय’ ही विशेषणं मी मुद्दाम ठेवली नाहीत. तशी ओझ्यासारखी लादली की लोक उलट म्हणतात, काहीतरी झाकतात. गोदाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं आहे. आणि शेवटचं वाक्य खरं तर पहिलं असायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलो नाही. पेरणीच्या तोंडावर कास्तकार आधी तेच शोधतो.

विचारायचा हक्क तुमचा आहेच. उत्पादक कंपनीत मतदानाचा हक्क असलेल्या एक तृतीयांश सभासदांनी विषय लिहून, सह्या करून मागणी दिली, की संचालक मंडळाला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. तिची नोटीस निदान १४ दिवस आधी निघते. भागधारक म्हणून माजी अध्यक्षही तिथं समोर बसतील आणि उत्तर देऊ शकतील. फळ्यावरच्या कागदाला त्यांना उत्तर देता येत नाही. तोवर काट्याच्या पावत्या जपून ठेवा. वजनात फरक दिसत असेल तर त्यांच्या प्रती लेखापरीक्षकाला द्या आणि पोच घ्या.