एसीतला गॅस ‘संपतो’ तेव्हा: एका तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: “दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण उन्हाळा वापरून लिहितोय. बसवणूक स्वच्छ झाली, पहिला महिना छान गेला. मग थंडावा कमी झाला. तुमचा माणूस एकदा धुऊन गेला, दुसऱ्यांदा नुसता कागद भरून गेला. शेवटी बाहेरच्या मेकॅनिकने ‘गॅस संपलाय’ म्हणून भरून दिला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. रात्रीला 6 युनिट लागायचे ते 11 वर गेले. लेबलवरचे आकडे खोटे आहेत. दोन तारे.”

नमस्कार. ऐन उन्हाळ्यात घरातला एसी असा वागला की किती मनस्ताप होतो, याची मला कल्पना आहे. तुमचा अभिप्राय वाचल्यावर आम्ही मशीन उघडून पूर्ण तपासलं. काय सापडलं ते इथेच लिहितो, कारण ‘गॅस संपला’ हे वाक्य इतरांनाही ऐकावं लागतं.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहायला हवा. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस भरला की थोडे दिवस गारवा येतो आणि पुन्हा जातो.

पहिल्या भेटीत इनडोअरमध्ये शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी गार हवा यांच्या तापमानात 11 अंशांचा फरक होता. तेव्हा जाळी आणि कॉइल धुणं पुरेसं होतं. दुसऱ्या भेटीत तोच फरक 6 अंशांवर आला होता आणि आउटडोअरच्या बारीक पाइपवर बर्फ धरला होता. ही गॅस कमी असल्याची खूण. म्हणूनच त्या कागदावर ‘गळतीची चाचणी, इनडोअर उतरवून’ असं लिहिलं होतं. त्यासाठी नायट्रोजनची टाकी आणि निम्मा दिवस लागतो, आणि तुम्हाला तारीख आठवड्यानंतरची मिळाली. त्या उकाड्यात तुम्ही थांबला नाहीत, याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही.

बाहेरच्या मेकॅनिकने आउटडोअरच्या नटांना साबणाचा फेस लावला, बुडबुडे दिसले नाहीत, म्हणून गेजवर दाब बघून गॅस भरला. इन्व्हर्टरमध्ये यानेच फसगत होते. कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो, त्यामुळे गॅस किती आहे ते नुसत्या गेजवरून कळत नाही. आर-32 वजन करूनच भरायचा असतो. तुमच्या आउटडोअरच्या पट्टीवर 900 ग्रॅम लिहिलंय. आम्ही आतला गॅस काढून वजन केलं, तर 610 ग्रॅम भरला.

मग पाइप सोडवून इनडोअर आणि आउटडोअर वेगवेगळे बंद केले आणि दोन्हींत सुमारे 400 पीएसआय नायट्रोजन भरून रात्रभर ठेवले. आउटडोअरचा काटा हलला नाही, इनडोअरचा उतरला. जोड सगळे कोरडे होते. गळती कॉइलच्याच एका वळणावर निघाली, तिथे तेलाचा डाग होता. अशा जागी साबणाचा फेस पोचतच नाही. कॉइल दुरुस्त न करता नवीन बसवली आहे, वॉरंटीत. झाळून भोक बुजवलं तरी शेजारच्या नळीत तसंच भोक पडण्याची भीती राहते. ओलसर तांब्यावर काही रंगांच्या, सुगंधी फवाऱ्यांच्या आणि क्लीनरच्या वाफा बसत राहिल्या की त्यातल्या आम्लांनी मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक बिळं पडतात. म्हणून इनडोअरवर किंवा त्याच्या तोंडाशी असं काही फवारू नका.

आता युनिटबद्दल. लेबलवरचा वार्षिक आकडा ठराविक तास आणि ठराविक हवामान धरून काढलेला असतो. तुमच्या लेबलवर 1600 तासांना 800 युनिट आहेत, म्हणजे सरासरी तासाला अर्धा. रात्रीचे 10 तास धरले तर 5 युनिट. ऐन उन्हाळ्यात 6 लागले, हे त्या सरासरीला धरूनच आहे. 11 मात्र गळतीमुळे. धडधाकट इन्व्हर्टर खोली गार झाली की वेग उतरवून रेंगाळतो. गॅस कमी असला की सेट केलेलं तापमान गाठलंच जात नाही, म्हणून कॉम्प्रेसर पहाटेपर्यंत वेग उतरवत नाही. गंमत अशी की त्या क्षणी क्लॅम्प मीटर लावला तर अँपिअर उलट कमी दिसतात आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. फरक कळतो तो रात्रभराच्या युनिटवरून. तुम्ही मीटरच्या नोंदी ठेवल्यात, त्याचा आम्हाला तपासात फार उपयोग झाला.

नवी कॉइल बसवल्यावर 500 मायक्रॉनखाली व्हॅक्यूम घेतला, पंप बंद करून तो टिकतो का पाहिलं, मगच काट्यावर मोजून 900 ग्रॅम गॅस भरला. कॉइल, गॅस आणि मजुरी यांपैकी कशाचेही पैसे तुम्ही द्यायचे नाहीत.

एक विनंती आहे. पुढचे दोन आठवडे तेच तापमान आणि तेच तास ठेवून रात्रीचे युनिट टिपा. आकडा 7 च्या वर जाऊ लागला किंवा बारीक पाइपवर पुन्हा बर्फ दिसला, तर एसी बंद ठेवा आणि कुणाकडूनही गॅस भरून न घेता आम्हाला कळवा. तुमच्या नावासमोर ‘थेट गळती चाचणी’ अशी नोंद केली आहे, त्यामुळे आमचा माणूस आधी धुवायला न येता टाकी आणि काटा घेऊनच येईल.