राजीनाम्यात कारण लिहावं

"राजीनाम्यात कारण कधीच लिहू नये, 'वैयक्तिक कारणास्तव' एवढंच लिहून निघावं. उपसंपादक पगारी माणूस, संपादकीय स्वातंत्र्य असतं ते संपादकाचं. कारण लिहिलं की ग्रॅच्युइटी अडकते, वरून अब्रुनुकसानीची नोटीस येते."

पत्रकारांमध्ये फिरणारा हा सल्ला आहे. मी नागपुरात बरीच वर्षं डेस्कवर काढली. 2019 मध्ये आमच्या एका वरिष्ठ उपसंपादक सहकारीनं राजीनामा दिला, तेव्हा पत्राचा मसुदा करताना मी तिच्यासोबत बसलो होतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

ग्रॅच्युइटी आधी घेतो, कारण त्या भीतीनंच माणसं कारण गाळतात. तिची नोकरी तीन वर्षं आठ महिन्यांची होती. ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या सर्वसाधारण कायद्यात पाच वर्षांची अट होती, म्हणजे तिथे तिला काहीच मिळत नव्हतं. पण श्रमिक पत्रकारांचा 1955 चा वेगळा कायदा होता. त्याच्या कलम 5 मध्ये इतर कोणत्याही कारणानं राजीनामा देणाऱ्याला दहा वर्षांची अट होती, आणि सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून राजीनामा देणाऱ्याला फक्त तीन वर्षांची. यामागे इतिहास आहे. मूळ कायद्यात तीन वर्षांनंतर स्वतःहून सोडणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला ग्रॅच्युइटी होती. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. 1962 च्या दुरुस्तीत संसदेनं तीन वर्षांची सवलत परत आणली, पण विवेकाच्या कारणापुरतीच.

म्हणजे 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द लिहिले असते, तर तिचा हक्क तिनं स्वतःच्या हातानं संपवला असता. हिशेब साधा होता. दर वर्षाला पंधरा दिवसांचं सरासरी वेतन, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. तीन वर्षं आठ महिन्यांची चार वर्षं झाली, चार वर्षांचे साठ दिवस, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचा पगार. तिचा पगार 36,000 होता, तेव्हा रक्कम 72,000 च्या आसपास. फार नाही, पण हातात दुसरी नोकरी नसताना दोन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा त्यातूनच निघतो.

ग्रॅच्युइटी जप्त करायची तरतूद होती, पण ती गैरवर्तनामुळे कामावरून काढून टाकलेल्या माणसासाठी. राजीनामा देणाऱ्याला ती लागत नाही. आता 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, आणि तिच्यात पत्रकाराला सरसकट तीन वर्षांची अट आहे. त्यामुळे आज कारण लिहिल्यानं ग्रॅच्युइटी वाढणार नाही, पण अडकणारही नाही. जुन्या काळात सोडलेल्यांनी मात्र आपलं पत्र काढून पुन्हा वाचावं.

आता उपसंपादकाच्या अधिकाराबद्दल. सल्ल्यातला हा भाग अर्धा खरा आहे. बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी संपादकाची, म्हणून त्याचं नाव रोज अंकात छापावं लागतं. संपादकानं बातमी कापली, हेडिंग बदललं, पहिल्या पानावरून पाचव्यावर नेली, तर उपसंपादकानं ते मान्य करायचं. त्यावरून मन दुखणं वेगळं आणि विवेकाचा प्रश्न वेगळा. पण 1955 च्या त्याच कायद्यात श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत उपसंपादकाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मुद्रितशोधकाचंही. सदसद्विवेकबुद्धीचं कलम या सगळ्यांसाठी होतं, एकट्या संपादकासाठी नाही.

मग फरक ओळखायचा कसा? आदेश कुठून आला आणि त्यात बातमीच्या आधाराबद्दल काही प्रश्न आहे का, हे बघायचं. तिच्या बाबतीत शहराबाहेरच्या एका लेआउटची बातमी होती. मंजुरी मिळण्याआधीच प्लॉटची विक्री सुरू होती, आणि मंजुरी नसल्याचं माहिती अधिकारातलं उत्तर हाताशी होतं. गोंदिया-चंद्रपूरकडे जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते. तिच्यात लेआउटचं नाव छापून गेलं. त्यानंतर रात्री जाहिरात विभागातून फोन आला, आणि शहर आवृत्तीत नावाऐवजी 'एका लेआउटमध्ये' झालं. ज्या नागपूरकरानं तिथे प्लॉटचं टोकन द्यायला पैसे काढले असतील, त्याच्याच अंकातून नाव गेलं. कागदपत्र खोटं आहे असं कुणी म्हटलं नाही, संपादकांनीही नाही.

दोन दिवसांनी त्याच लेआउटचा गुणगान करणारा मजकूर आला. त्यावर 'जाहिरात' हा शब्द न टाकता 'प्रतिनिधी, नागपूर' लावून बातमीसारखं पान कर, असं तिला सांगितलं गेलं. भारतीय प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात की जाहिरात ही बातमीपासून वेगळी ओळखू आली पाहिजे. तिनं पान लावायला नकार दिला. बाजूच्या टेबलवरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "ताई, एवढ्यासाठी नोकरी सोडून राहिली का?" ती म्हणाली, "भाऊ, ते 'प्रतिनिधी' म्हणजे मीच ना."

राहिली नोटीस. ही भीती खोटी नाही, पण ती कारण लिहिण्यानं येत नाही, कारण कसं लिहिलं त्यानं येते. तिच्या पहिल्या मसुद्यात 'पैसे घेऊन बातमी दाबली' असं वाक्य होतं. मी विचारलं, तू पैसे बघितले? नव्हते बघितले. वाक्य खोडलं. शेवटच्या पत्रात एवढंच राहिलं:

"अमुक तारखेच्या डाक आवृत्तीत पान 3 वर छापलेलं लेआउटचं नाव शहर आवृत्तीत जाहिरात विभागाच्या सूचनेवरून काढण्यात आलं. त्यानंतर प्रायोजित मजकूर 'जाहिरात' असा उल्लेख न करता बातमी म्हणून लावण्यास मला सांगण्यात आलं. हे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला मान्य नसल्यानं, याच कारणावरून मी राजीनामा देत आहे."

यात तिनं स्वतः पाहिलेलं आणि स्वतःला सांगितलेलं तेवढंच आहे. पुरावा म्हणजे बाजारात विकले गेलेले दोन अंक. ऑफिसची फाइल तिनं बाहेर नेली नाही आणि माहिती देणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. पत्र संपादक आणि मनुष्यबळ विभाग या दोघांनाच दिलं, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. स्वतःच्या हितासाठी, सद्भावनेनं, ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे केलेली तक्रार अब्रुनुकसानीच्या कायद्यातल्या अपवादांत बसते. तेच पत्र फोटो काढून शंभर जणांना पाठवलं की हा आधार कमजोर होतो. तिला तो मोह झाला होता, मी हात जोडून थांबवलं.

मनुष्यबळ विभागानं तिला कारण बदलायला सांगितलं, म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र लगेच देऊ. ती नाही म्हणाली. पुढे पाच वर्षं झाली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असं उत्तर आलं. तिनं कलम 5 चा उल्लेख करून अर्ज दिला, पोच घेतलेल्या पत्राची प्रत जोडली आणि लिहिलं की राजीनामा विवेकाच्या कारणावरून होता की नाही हा वाद याच कलमानुसार औद्योगिक विवाद मानला जातो, तेव्हा मी कामगार आयुक्तांकडे जाईन. जायची वेळ आली नाही. सात आठवड्यांनी धनादेश आला, पूर्ण चार वर्षांचा.