‘एक वाक्य पुरतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

प्रतिक्रिया : “मीटिंगमध्ये फोन नंबर तपासून घ्या हे सांगायला एवढं लांबलचक निवेदन? ‘ज्यांचे नंबर बदलले असतील त्यांनी सेक्रेटरींना कळवावे’ हे एक वाक्य पुरतं. शिवाय सगळ्यांचे नंबर छापून टेबलावर ठेवणं म्हणजे प्रायव्हसीचा बट्ट्याबोळ. आमच्याकडे ॲप आहे. निवृत्त लोकांचा वेळ जात नाही म्हणून असले उद्योग सुचतात.” – कोथरूडकर

नमस्कार कोथरूडकर,

सोसायटीच्या वार्षिक सभेत सभासदांनी यादीतले आपले फोन नंबर तपासावेत म्हणून वाचायच्या निवेदनाचा मसुदा मी दिला होता, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. तिच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी प्रतिक्रिया त्या वाक्यासाठीच लिहिली असावी. सोसायटीची कामं निवृत्त लोक करतात, कारण बाकीचे करत नाहीत. कमिटीसाठी नावं मागितली की हॉलमध्ये किती हात वर होतात ते तुम्हालाही ठाऊक असेल. आणि एक वाक्य पुरतं हे पटवायला तुम्हाला पाच वाक्यं लागली, याची नोंद घेतली आहे.

एक गोष्ट मान्य. माझ्या मसुद्यात ‘कृपया’ चार वेळा आलं होतं. दोनदा पुरे.

आता तुमचं ते एक वाक्य. सोसायटीचं दप्तर मी बरीच वर्षं सांभाळलं आहे, म्हणून एवढं ठामपणे सांगतो : हे वाक्य सभेत वाचलं की एकही दुरुस्ती हाती लागत नाही. ‘ज्यांचे नंबर बदलले असतील’ हे कानावर पडताच प्रत्येक जण मनात म्हणतो, माझा कुठे बदललाय, आणि शेजाऱ्याशी पार्किंगवर बोलायला लागतो. त्याचं काही चुकत नाही. त्याचा नंबर खरंच बदललेला नसतो. चुकलेली असते ती यादी, आणि यादी त्याने पाहिलेलीच नसते.

यादी कशी चुकते तेही बघा. वहीतून एक्सेलमध्ये उतरवताना दोन आकड्यांची अदलाबदल होते. हाताने लिहिलेला १ टायपिंग करणाऱ्याला ७ वाटतो. मालकाच्या नावापुढे तीन वर्षांपूर्वीच्या भाडेकरूचा नंबर तसाच राहतो. घरातला लँडलाइन कधीच काढून टाकलेला असतो, पण यादीत पहिला नंबर तोच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी यादी फ्लॅटच्या क्रमाने लावायला जातो, नावाचा आणि फ्लॅटचा रकाना निवडतो आणि नंबरचा रकाना निवडायचा राहतो. नावं खालीवर होतात, नंबर जागच्या जागी बसून राहतात. मग यादीतला प्रत्येक नंबर चालू, प्रत्येक नंबर खरा, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी नावापुढे! एकाच विंगेतले लागोपाठचे तीन-चार जण ‘हा माझा नंबर नाही’ म्हणायला लागले, तर एकेक दुरुस्त करत बसू नका. रकाना सरकलाय असं समजा आणि जुनी छापील प्रत शोधा.

यातल्या एकाही प्रकारात कुणाचा नंबर ‘बदललेला’ नाही. सांगा आता, तुमच्या वाक्याला यातला कोण ओ देणार?

एक उदाहरण घेऊ. समजा तीन विंगा, ८४ फ्लॅट. रात्री दोन वाजता बी विंगमध्ये ६०४ च्या छतातून पाणी गळायला लागलं. वरचा ७०४ बंद आहे, मालक बाणेरला राहतो. वॉचमन यादी बघून फोन लावतो. रिंग जाते, माणूस उचलतोही, पण तो असतो दोन भाडेकरूंआधीचा भाडेकरू किंवा साफ अनोळखी कुणीतरी. बंद झालेला मोबाइल नंबर कंपनी कायमचा बाजूला ठेवत नाही, ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून ‘रिंग जाते म्हणजे नंबर बरोबर’ ही तपासणीच नव्हे. शेवटी गच्चीवर जाऊन त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो आणि त्या लाइनवरचे सगळे मजले सकाळपर्यंत कोरडे. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं गुरुवारचं पाणी बंद असेल तर बघायलाच नको. बाणेरच्या मालकाचा नंबर पंधरा वर्षं तोच आहे. तुमचं वाक्य ऐकून तो गप्प बसला आणि तुमच्या वाक्याप्रमाणे ते बरोबरच होतं.

म्हणून निवेदनात मागायचं ते ‘बदल’ नव्हे, ‘वाचन’. प्रत्येकाने आपली ओळ डोळ्यांनी बघायची आणि बरोबर असली तरी खूण करायची. ‘चूक असेल तरच लिहा’ म्हटलं की कोऱ्या चिठ्ठीचे दोन अर्थ होतात, सगळं बरोबर आहे किंवा वाचलंच नाही. सेक्रेटरीला ते वेगळे काढता येत नाहीत.

‘कृपया’ची छाटणी करून मजकूर पुन्हा देतो. शांतपणे वाचला तरी दोन मिनिटांत संपतो.

“सभासदहो, गणसंख्या होईपर्यंत थोडा वेळ आहे, तेवढ्यात एक काम उरकू. हजेरीवर सही करताना तुम्हाला तुमच्या फ्लॅटची चिठ्ठी मिळाली आहे. सोसायटीच्या यादीत आज तुमच्या नावापुढे असलेले नंबर तिच्यावर छापले आहेत. तुमचा नंबर बदललेला नसला तरी कृपया चिठ्ठी वाचा, एकेक आकडा वाचा. बरोबर असेल तर ‘बरोबर’वर खूण करा. चूक असेल तर छापलेला नंबर आडवी रेघ मारून खोडा आणि खालच्या दहा चौकटींत नवा लिहा. दुसऱ्या ओळीत अशा माणसाचा नंबर द्या, जो तुम्ही गावाला असताना रात्रीही फोन उचलेल आणि तुमच्या घराची किल्ली आणू शकेल. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर मालकाचा आणि भाडेकरूचा नंबर वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. नंबर सगळ्यांच्या यादीत छापायचा की फक्त ऑफिस आणि केबिनमध्ये ठेवायचा, त्यावर खूण करा. सही करून चिठ्ठी दाराजवळच्या डब्यात टाका. जे आज आले नाहीत त्यांची चिठ्ठी उद्या घरी येईल, ती कृपया रविवारपर्यंत केबिनमध्ये द्या. इथे केलेला बदल फक्त या यादीत होईल. वीज, गॅस आणि बँकेकडचा नंबर ज्याचा त्याने बदलायचा आहे.”

‘गणसंख्या होईपर्यंत’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. आपल्याकडच्या वार्षिक सभा बहुधा वेळेवर सुरू होत नाहीत. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, आणि आलेली माणसं तो अर्धा तास पंख्याखाली बसून काढतात. चिठ्ठी वाचायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. बहुतेक ठिकाणी ही सूचना ‘ऐनवेळच्या विषयां’त, सगळ्यात शेवटी ढकलतात. तोवर निम्मे लोक उठलेले असतात आणि उरलेले सिंकिंग फंडावरून एकमेकांवर तापलेले असतात. तेव्हा नंबर कुणीही तपासत नाही. नंबर तपासायला ठराव लागत नाही, त्यामुळे सभा रीतसर सुरू व्हायच्या आधी हे काम उरकलं तरी काही बिघडत नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी मागच्या इतिवृत्ताचं वाचन झाल्यावर एवढंच म्हणायचं : “ज्यांनी चिठ्ठी टाकली नाही त्यांनी चहाच्या आधी टाकावी.”

दुसऱ्या ओळीतल्या किल्लीवर हसू नका. ‘पर्यायी नंबर द्या’ एवढंच म्हटलं तर लोक बायकोचा किंवा नवऱ्याचा नंबर देतात, आणि गळती होते त्या रात्री दोघंही एकाच लग्नाला कोल्हापूरला गेलेले असतात. किंवा अमेरिकेतल्या मुलाचा +१ ने सुरू होणारा नंबर देतात. त्याला व्हॉट्सॲपवर कळवता येतं, पण केबिनच्या साध्या फोनवरून परदेशात कॉल बहुधा लागत नाही आणि लागला तरी मुलगा दार उघडायला येऊ शकत नाही. किल्ली म्हटलं की बरोबर माणूस आठवतो. बहीण, शेजारी, कामाच्या मावशी, कुणीही चालेल. त्या माणसाला विचारून मगच नंबर लिहावा, हे ओघाने आलंच.

आता प्रायव्हसी. मूळ मसुद्यात विंगेप्रमाणे कागद टेबलावर ठेवायला सांगितलं होतं. ते खुपत असेल तर वरच्यासारख्या चिठ्ठ्या करा. ज्याला त्याला आपलीच ओळ दिसते, विषय संपला. ८४ फ्लॅटना चार चिठ्ठ्या एका कागदावर धरल्या तर २१ कागद लागतात, एवढं सोसायटीला परवडेल. ॲपचं म्हणाल तर ॲपमधला नंबरही कुणीतरी कधीतरी टाईपच केलेला असतो. असो.

चिठ्ठ्या जमल्यानंतरचं काम तुमच्या प्रतिक्रियेत नव्हतं, पण निवेदन वाया जातं ते बहुतेक वेळा इथेच. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाईप करायचं, आणि मग टाईप करणाऱ्याने स्क्रीनवरून उलट वाचून दाखवायचं. दहा आकडे पाच-पाच करून वाचले की चूक कानाला लगेच कळते. नंबरचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर लँडलाइनच्या ०२० मधलं पुढचं शून्य एक्सेल गिळतं, आणि ९१ लावून लिहिलेला मोबाइल अरुंद रकान्यात ९.१९ई+११ असा काहीतरी दिसतो. ज्या चिठ्ठ्यांवर नंबर बदललाय तेवढ्यांना दिवसा फोन लावा आणि “बी ७०४ चेच ना?” असं विचारा. मिस्ड कॉल नको, कारण फोन वाजला एवढंच त्यातून कळतं, कुणाच्या घरी वाजला ते कळत नाही.

केबिनमध्ये लँडलाइन असेल तर तिथली प्रत वेगळी छापा, प्रत्येक मोबाइल नंबरापुढे शून्य लावून. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. जुन्या वॉचमनला ते अंगवळणी पडलेलं असतं, पण एजन्सी नवा माणूस पाठवते तेव्हा तो यादीतले दहाच आकडे दाबतो आणि नंबर लागत नाही म्हणून सोडून देतो.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका. आणि नवी यादी टांगायच्या आधी केबिनच्या खिळ्यावरची जुनी काढून फाडा. दोन्ही असल्या तर वॉचमन जुनीच वापरतो, तिच्यावर त्याने दूधवाल्याचा आणि प्लंबरचा नंबर पेनाने लिहून ठेवलेला असतो. ते दोन नंबर नव्या प्रतीवर आधीच छापून द्या.